मजबूत पोलाद आणि ‘आधी गळेल’ हा भरवसा

“पोलाद जितकं मजबूत, तितकं प्रेशर व्हेसल सुरक्षित. तडा गेलाच तर आधी गळेल, मग बघू.”

बऱ्याचदा उलटं होतं. अर्धवर्तुळाकार तडा वाढत भिंतीच्या आरपार जातो, तेव्हा त्याची अर्धी लांबी a साधारण भिंतीच्या जाडीएवढी असते. तो तिथेच थांबला, तर गळती दिसते आणि दाब उतरवता येतो. त्यासाठी तड्याच्या टोकाशी ताण किती एकवटतो हे सांगणारा K = σ√(πa) हा आकडा, जिथे σ म्हणजे भिंतीतला ताण, पोलादाच्या फ्रॅक्चर टफनेसपेक्षा, म्हणजे तडा पसरू न देण्याच्या चिवटपणापेक्षा, कमी हवा.

भिंत 20 मिमी, ताण 300 MPa, टफनेस 100 MPa√m धरा. घातक a, म्हणजे जिथे K टफनेसएवढा होतो ती, सुमारे 35 मिमी; भिंतीच्या 20 पेक्षा जास्त, म्हणजे गळेल. आता दुप्पट मजबूत पोलाद घेऊन भिंत 10 मिमी केली. ताण 600 झाला, टफनेस मात्र 60 वर आला (मजबुती वाढली की चिवटपणा बहुधा घटतोच). घातक a जेमतेम 3 मिमी! तडा आरपार जायच्या आधीच भिंत फाटते.

पहिल्या भिंतीचीही हमी नाही. वेल्डच्या कडेने 100 मिमी लांबीचा उथळ तडा असेल, तर आरपार होताना a 50 मिमी असते, घातक 35 च्या पुढे. शिवाय दंडगोलाकार भिंतीत उभ्या तड्याच्या कडा बाहेर फुगतात, त्यामुळे खरा K या सूत्रापेक्षा जास्तच भरतो.