‘रामाने पोथी वाचली’: भूतकाळात क्रियापद कर्माकडे कसं वळलं

राम आला. सीता आली. राम पोथी वाचतो. सीता पोथी वाचते. इथवर सगळं सरळ आहे, कारण क्रियापद कर्त्याकडे पाहतं. आता हेच वाचन काल घडलं असं समजा. रामाने पोथी वाचली, सीतेनेही पोथी वाचली. रामाने ग्रंथ वाचला, सीतेनेही ग्रंथ वाचला. वाचणारा पुरुष की बाई, हे क्रियापदाला विचारून कळत नाही. काय वाचलं, ते मात्र लगेच कळतं. म्हणूनच कुठलाही पुरुष ‘मी पोळी खाल्ली’ म्हणतो आणि कुठलीही बाई ‘मी आंबा खाल्ला’ म्हणते, आणि दोघांनाही त्यात काही वावगं वाटत नाही.

ही व्यवस्था मराठीत नवी नाही. ज्ञानेश्वरीच्या शेवटची ओवी पाहा:

शके बाराशतें बारोत्तरें । तैं टीका केली ज्ञानेश्वरें ।
सच्चिदानंदबाबा आदरें । लेखकु जाहला ॥

शके 1212, म्हणजे इसवी सन 1290. टीका स्त्रीलिंगी, म्हणून ‘केली’. करणारे ज्ञानेश्वर पुरुष आहेत, पण त्यांच्या नावाला तृतीयेचा ‘-एं’ लागलाय आणि क्रियापदावरचा त्यांचा ताबा सुटलाय. पुढच्याच ओळीत ‘जाहला’ हे अकर्मक क्रियापद आहे. तिथे सच्चिदानंदबाबांच्या नावाला प्रत्यय नाही आणि क्रियापद त्यांच्याप्रमाणे पुल्लिंगी आहे. ‘राम आला’ आणि ‘रामाने पोथी वाचली’ यांतला सगळा फरक या एका ओवीत सापडतो. श्रवणबेळगोळच्या गोमटेश्वराच्या पायाशी ‘श्रीचावुण्डराजें करवियलें’ असं कोरलंय, तिथेही कर्त्याला तोच तृतीयेचा प्रत्यय आहे.

याचं मूळ संस्कृतात आहे. संस्कृतात भूतकाळ सांगायला स्वतंत्र क्रियारूपं होती: अपठत्, पपाठ, अपाठीत्. त्यांत कर्त्याचा पुरुष आणि वचन दिसे, लिंग नव्हे. पण त्यांच्या बरोबरीने आणखी एक सोपी वाट होती. धातूला ‘-त’ लावायचा आणि एक विशेषण तयार करायचं: पठित, कृत, गत. ‘रामेण ग्रन्थः पठितः’ याचा शब्दशः अर्थ ‘रामाकडून ग्रंथ वाचलेला’ असा होतो. पुस्तक असेल तर ‘पठितम्’, कथा असेल तर ‘पठिता’. विशेषण ज्याचं वर्णन करतं त्याचं लिंग-वचन घेतं, आणि इथे वर्णन वाचल्या गेलेल्या वस्तूचं आहे. अकर्मक धातूंपाशी अशी वस्तूच नसते, मग विशेषण कर्त्याचंच होतं: रामः गतः, सीता गता. गती दाखवणाऱ्या आणि अकर्मक धातूंचा ‘-त’ कर्त्याचाही होतो, असा नियम पाणिनीने अष्टाध्यायीत दिलाच आहे.

प्राकृतांच्या काळात भूतकाळाची जुनी क्रियारूपं जवळजवळ गळून पडली आणि हे विशेषणच भूतकाळाचं काम करू लागलं. मराठीत त्याला ‘-ल’ चिकटला. हा ‘-ल’ प्राकृतातल्या ‘-इल्ल’ प्रत्ययाचा वारस मानला जातो. ‘गेला, केली, वाचलं’ यांची रूपं ‘चांगला, चांगली, चांगलं’ यांच्यासारखी चालतात ती त्यामुळेच. मराठीच्या भूतकाळात आपण विशेषणच बोलतो, फक्त ते विशेषण आहे हे कधीच विसरलोय.

मग वर्तमानकाळात असं का होत नाही? ‘वाचतो’ आणि ‘वाचते’ हीसुद्धा मुळात विशेषणंच आहेत, पण ती दुसऱ्या घराण्यातली. त्यांतला ‘त’ संस्कृतातल्या ‘पठन्’, ‘पठन्ती’ या कर्तरी कृदंतातून आला. ते रूप करणाऱ्याचं वर्णन करतं, केलेल्या वस्तूचं नाही. म्हणून वर्तमानात क्रियापद कर्त्याशी जुळतं आणि भूतकाळात कर्माशी. दोन काळांत दोन निरनिराळी कृदंतं, एवढाच हा भेद. भाषेने मुद्दाम आखलेला तो नाही.

शाळेत याला कर्मणी प्रयोग म्हणतात. ते नाव क्रियापदाच्या जुळणीपुरतं ठीक आहे, पण त्यामुळे एक गैरसमज पसरतो. ‘रामाने पोथी वाचली’ हे कर्मवाच्य वाक्य आहे आणि पोथी हे त्याचं उद्देश्य आहे, असं अनेकांना वाटतं. तपासून पाहा. ‘रामाने आपली पोथी वाचली’ यात ‘आपली’ म्हणजे रामाची. ‘घरी येऊन रामाने पोथी वाचली’ यात घरी आला तो राम, पोथी नव्हे. वाक्याचा खरा धनी अजून रामच आहे, फक्त क्रियापदाची जुळणी कर्माकडे गेलीय. खरं कर्मवाच्य हवं असेल तर मराठी ‘पोथी वाचली गेली’ असं वेगळं वाक्य करते. संस्कृतात जे कर्मवाच्य होतं ते मराठीत साधा भूतकाळ झालं, आणि मग कर्मवाच्यासाठी ‘जाणे’ची मदत घ्यावी लागली.

वाटेत काही खुणा पुसल्याही गेल्या. जुन्या मराठीत कर्ता म्हणून ‘मी’ आणि तृतीयेत ‘मियां’, ‘म्यां’ अशी वेगळी रूपं होती. तसंच ‘तूं’ आणि ‘तुवां’. प्रमाण मराठीत हा भेद मिटला. ‘मी आलो’ आणि ‘मी आंबा खाल्ला’ या दोन्हींत ‘मी’ सारखाच. ग्रामीण बोलीत ‘म्या केलं’, ‘त्वा केलं’ अजून ऐकू येतं. कोकणीने तर भेद व्यवस्थित सांभाळलाय: ‘हांव गेलों’, पण ‘हांवें आंबो खालो’.

‘तू’ने मात्र मराठीत एक गंमत केली. तू आंबा खाल्लास. तू पोळी खाल्लीस. तू आंबे खाल्लेस. लिंग-वचन कर्माचं आणि शेवटचा ‘-स’ कर्त्याचा. एकाच क्रियापदावर दोघांनी हक्क सांगितलाय. व्याकरणात याला कर्तृकर्मसंकर म्हणतात. बंगाली याच वाटेने पुढे गेली. तिच्या ‘-ल’वाल्या भूतकाळात कर्माशी जुळणी उरलीच नाही, तिथे क्रियापद कर्त्याच्या पुरुषाप्रमाणे बदलतं.

कर्माला ‘ला’ लागला की मराठीत ही जुळणी थांबते. रामाने रावणाला मारलं. रामाने सीतेला पाहिलं. क्रियापद कुणाकडेच न पाहता नपुंसकलिंगी एकवचनात उभं राहतं. तरीही ‘आईने मुलीला निजवली’, ‘तिने मुलाला शाळेत घातला’ अशी वाक्यं कानावर पडतात. कडक व्याकरणाला ती खटकतात, पण गुजरातीत हीच रीत नेहमीची आहे: ‘ला’सारखा ‘ने’ लागलेल्या कर्माशीही तिथलं क्रियापद जुळतं.

आणि काही सकर्मक क्रियापदं या चौकटीत बसतच नाहीत. तो मराठी शिकला. ती मराठी शिकली. मी छत्री विसरलो. मी छत्री विसरले. ही क्रियापदं कर्माला भीक घालत नाहीत आणि कर्त्याला ‘ने’ घेऊ देत नाहीत. यांतल्या बहुतेकांत क्रियेचा परिणाम वस्तूपेक्षा करणाऱ्यावरच अधिक होतो. विसरल्याने छत्रीत काही फरक पडत नाही, शिकल्याने भाषेत पडत नाही. ‘पिणे’ अजून कुंपणावर आहे. ‘ती दूध प्यायली’ आणि ‘तिने दूध प्यायलं’ अशी दोन्ही वाक्यं आज बोलली जातात, कधी कधी तर एकाच घरात.