सासरी रुळणे

लग्नानंतर नव्या सुनेने सासरचे घर, माणसे आणि गाव हळूहळू आपलेसे करण्याच्या काळाला मराठीत ‘रुळणे’ म्हणतात. हा काळ किती असतो याला नियम नाही. साधारणपणे पहिली एक-दोन वर्षे, आणि पूर्वीच्या हिशेबाने पहिले बाळंतपण होईपर्यंत. महाराष्ट्रातील चालीरीतींत या काळाविषयी एक विसंगती दिसते. मुलीची ओळख एका विधीत, काही मिनिटांत बदलली जाते. पण तिच्या मनाला मात्र वर्षभर ये-जा करण्याची सवड दिलेली असते.

ओळख बदलण्याचा विधी म्हणजे नाव ठेवणे. गृहप्रवेशानंतर लक्ष्मीपूजनाच्या वेळी ताटात तांदूळ पसरून नवरा त्यात सोन्याच्या अंगठीने बायकोचे नवे नाव लिहितो आणि साखर किंवा पेढे वाटले जातात. जुने नाव यामुळे पुसले जात नाही. माहेरी, मैत्रिणींत आणि मामाच्या गावी ते चालूच राहते, त्यामुळे अनेक बायका दोन नावांनी आयुष्य काढत आल्या. आज लग्नानंतर नाव किंवा आडनाव बदलण्याची कायद्याने सक्ती नाही. पुष्कळ घरांत तांदळावर जुनेच नाव लिहून विधी उरकतात, आणि त्यात काही बिघडत नाही.

मनाला मिळणारी सवड मात्र सणांच्या रांगेतून येते. लग्नानंतर लगेच मांडवपरतणी असते. पहिल्या आषाढात मुलीला माहेरी नेतात. काही भागांत त्या महिन्यात सासू-सुनेने एकमेकींचे तोंड पाहू नये असाही समज आहे. श्रावणात नागपंचमीला भाऊ न्यायला येतो. त्याला मुराळी म्हणतात, आणि त्याची वाट पाहणे हा लोकगीतांचा एक मोठा विषय आहे. दिवाळीला जावयासह दिवाळसण आणि पहिले बाळंतपण पुन्हा माहेरी. संक्रांतीचे काळे लुगडे व हलव्याचे दागिने हे सासरचे कौतुक. म्हणजे सहा-आठ आठवडे सासर, मग थोडे माहेर, असा झोका वर्षभर चालतो. भावनिक दृष्टीने पाहता ही व्यवस्था शहाणपणाची होती, कारण परत जायची तारीख माहीत असली की परके घर सोसणे सोपे जाते. मात्र तिची किल्ली सासरच्यांच्या हाती होती. भोंडल्यातले कारल्याच्या वेलाचे गाणे नेमके यावरच आहे. सून माहेरी जायची परवानगी मागते आणि सासू सांगते, आधी कारल्याचे बी लाव. मग वेल येऊ दे, मग फूल, मग कारले, मग भाजी. अट पुरी झाली की नवी अट पुढे येते.

मंगळागौरीच्या जागरणात हीच गोष्ट खेळ होऊन येते. श्रावणातल्या मंगळवारी, लग्नानंतर पाच वर्षे, नवविवाहिता एकत्र जमून रात्रभर झिम्मा-फुगड्या खेळतात. त्यांत सासू-सुनेचे खोटे भांडण रंगवतात आणि ‘नाच गं घुमा’मध्ये सोनाराने दागिना आणला नाही म्हणून नाचायला नकार देतात. दिवसा जे बोलता येत नाही ते रात्री शेजारणींसमोर मोठ्याने म्हणता येते, आणि सासूही ते ऐकून हसते.

रोजची मोकळीक मात्र जात्यापाशी होती. पहाटे दळताना बायका ओव्या म्हणत. जात्यालाच ‘ईश्वर’ म्हणून साद घालत आणि आई, भाऊ, माहेरची वाट, सासरचे बोल हे सारे त्याला सांगत. घरातल्या कोणाला उद्देशून नसलेल्या या बोलण्यावर कोणी रागावू शकत नसे. खुंट्याला दुसऱ्या बाजूने हात लावणारी जाऊ किंवा नणंद ही बहुतेक वेळा सासरची पहिली मैत्रीण ठरे. पुण्यात हेमा राईरकर आणि गी पॉइटवां यांनी पुढाकार घेऊन खेड्यापाड्यांतल्या अशा एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. गावात पिठाची गिरणी आली तशी कष्टांतून सुटका झाली, पण ही पहाटही गेली. तिच्या जागी नव्या सुनेला काय मिळाले, हा प्रश्न फारसा कोणी विचारत नाही.

रुळताना स्वत्व कसे राखले जाते याचे सविस्तर उदाहरण रमाबाई रानड्यांचे. देवराष्ट्रे येथील कुर्लेकरांची ही मुलगी, माहेरचे नाव यमुना. 1873 मध्ये अकराव्या वर्षी तिचे लग्न पुण्यात न्यायाधीश असलेल्या एकतीस वर्षांच्या महादेव गोविंद रानड्यांशी झाले. रानड्यांची पहिली पत्नी नुकतीच वारली होती आणि त्यांच्या वडिलांच्या आग्रहापुढे त्यांचे काही चालले नव्हते. रमाबाईंच्या माहेरी मुलींना शिकवायची रीत नव्हती. सासरच्या मोठ्या कुटुंबात काय वाटेल ते सोसावे, नवऱ्याकडे चुगली नेऊ नये, अशी तिच्या वडिलांची ताकीद होती. नवऱ्याने मात्र लगेच अक्षरओळख सुरू केली.

त्यातून घराचे दोन भाग पडले. वर नवऱ्याच्या खोलीत वाचन, आणि खाली स्वयंपाकघरात सासू, नणंद व इतर बायकांचे टोमणे. वरचे शिक्षण सोडावे तर नवरा दुखावतो, आणि ते मिरवावे तर खालचे घर तुटते. रमाबाईंनी खाली उत्तर दिले नाही आणि वर अभ्यास थांबवला नाही. कामात कसूर केली असती तर टीकेला आयते कारण मिळाले असते, म्हणून घरकाम चोख ठेवून त्या अभ्यासाला वेळ काढत. 1878 मध्ये रानड्यांची बदली नाशिकला झाली तेव्हा परिस्थिती पालटली. मोठे कुटुंब जवळ नव्हते, घर चालवणे त्यांच्याकडे आले, आणि गावातल्या बायकांशी हळदीकुंकवाच्या निमित्ताने स्वतःच्या ओळखी झाल्या. परके गाव इथे आधाराला आले. पुढे पुण्यात मुलींच्या हायस्कुलाची मागणी करणारे इंग्रजी निवेदन त्यांनी गव्हर्नरांसमोर वाचले, तेव्हा घरी पुन्हा बोलणी बसली. पण तोवर त्या त्यांना पुरून उरण्याइतक्या खंबीर झाल्या होत्या. 1910 मध्ये त्यांच्या आठवणी प्रसिद्ध झाल्या. त्या वाचताना सासरच्यांविषयीचा कडवटपणा इतका कमी आढळतो की आजच्या वाचकाला कधी कधी राग येतो.

या उदाहरणाची मर्यादाही स्पष्ट आहे. सारा भार एका माणसाच्या पाठिंब्यावर होता, आणि तसा नवरा त्या काळी हजारांत एखादा. पाठिंबा नसता तर त्याच शांतपणाला नुसती मुस्कटदाबी म्हणावे लागले असते.

आज नवी सून बहुधा नोकरी करणारी असते आणि सासर म्हणजे कित्येकदा पुण्या-मुंबईतला दोन खोल्यांचा फ्लॅट किंवा परदेशातले गाव. मुराळ्याच्या जागी व्हिडिओ कॉल आला आहे. आईशी रोज बोलता येते, पण त्यामुळे नव्या गावात ओळखी करायची निकड कमी होते, अशीही तक्रार ऐकू येते. शेजारीण, भाजीवाली, भिशीचा गट, ऑफिसातली मैत्रीण अशी सासरच्या नात्याबाहेरची दोन-तीन माणसे जोडली गेली की रुळणे वेगाने होते.

न रुळणे आणि छळ यांत गल्लत होऊ नये. माहेरची ओढ सुरुवातीला तीव्र असते आणि ओळखी वाढतील तशी ओसरते. छळ उलट वाढत जातो. फोन स्पीकरवर ठेवायला लावणे, पगार काढून घेणे, जेवणावरून बोलणे, माहेरी जायला दर वेळी नवी अट घालणे ही त्याची ठळक चिन्हे आहेत. मुलगी आईला ‘सगळे ठीक आहे’ म्हणत असली तरी तिचे फोन आखूड होत जातात. अशा वेळी समजूत घालण्यापेक्षा 2005 च्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्याचा आधार उपयोगी पडतो. नवऱ्यासोबत राहत असलेल्या घरात राहण्याचा हक्क या कायद्याने तिला दिला आहे, मग घर कोणाच्याही नावावर असो. महिलांसाठीचा मदत क्रमांक 181 आहे.