सही लंडनची, रेघा कुणाच्या?

भाचा खडेबाजारातून आला तो हातात शिसवी पेटी घेऊनच. "मामा, बघा की, साडेसहा हजाराला दिला. ब्रिटिशांच्या जहाजावरचा आहे." आत पितळी सेक्स्टंट, नवरीसारखा लखलखीत. कमानीवर इंग्रजीत ठसठशीत कोरलेलं: केल्विन अँड ह्यूज, लंडन, 1917.

सेक्स्टंटने सूर्य किंवा तारा क्षितिजापासून किती वर आहे तो कोन मोजतात. नाव वाचून मला हसू आलं. केल्विन आणि ह्यूज हे दोन वेगळे कारखाने होते आणि ते एकत्र आले 1940 च्या दशकात. 1917 साली असं जोडनाव कोरणारा कारागीर काळाच्या पुढेच असला पाहिजे. हीच नाव-साल जोडी शोभेच्या नकली वस्तूंवर सर्रास दिसते.

पण नाव खरं असतं तरी मी तेवढ्यावर थांबलो नसतो. खऱ्या उपकरणांवरही कमानीवरचं मोठं नाव पुष्कळदा बंदरातल्या दुकानदाराचं असतं. घडवणारा निराळा आणि कमानीवर अंशांच्या रेघा पाडणारा कधी आणखी निराळा. जेसी रॅम्सडेनने अठराव्या शतकात रेघा पाडायचं यंत्र बनवलं. त्या यंत्रावरच्या कमानींवर बारीक नांगर आणि त्याच्या दोन बाजूंना त्याची आद्याक्षरं असत. म्हणून मोठं नाव वाचून झालं की भिंग घेऊन असली बारीक खूण शोधायची.

आणि रेघा तर खोटं बोलतच नाहीत. सराफाचं दहापटीचं भिंग घेतलं आणि भाच्याला शेजारी बसवलं. कमान वर्तुळाचा सहावा भाग, म्हणजे 60 अंशांची. तरी तिच्यावर आकडे 120 पर्यंत जातात. आरसा एक अंश फिरला की परावर्तित किरण दोन अंश वळतो, म्हणून. कोनाच्या मापात अंशाची 60 मिनिटं आणि मिनिटाचे 60 सेकंद. चांगल्या जुन्या उपकरणात प्रत्येक अंशाचे सहा भाग, म्हणजे एक घर 10 मिनिटांचं. आरसा फिरवणाऱ्या दांडीच्या टोकाला व्हर्नियर ही सरकती पट्टी असते. तिच्यावरची 60 घरं कमानीवरच्या 59 घरांएवढी. त्यामुळे 10 सेकंदांपर्यंत कोन वाचता येतो.

यातूनच सोपी परीक्षा निघते. व्हर्नियरचं शून्य 20 अंशांवर नेमकं बसवा. 59 घरं म्हणजे 9 अंश 50 मिनिटं, तेव्हा व्हर्नियरची शेवटची रेघ 29 अंश 50 मिनिटांच्या रेघेशी जुळायलाच हवी. मग शून्य 50 वर, 80 वर नेऊन तेच बघा. भाच्याच्या सेक्स्टंटमध्ये शेवटची रेघ दोन रेघांच्या मधोमध लटकली, आणि 80 अंशांवर तर भलतीकडेच गेली. रेघाही जाड, कडा विरघळल्यासारख्या. चांगल्या उपकरणात रेघा पितळेत बसवलेल्या चांदीच्या पट्टीवर असतात, केसासारख्या बारीक आणि धारदार.

तुलनेला निपाणीच्या मित्राचा सेक्स्टंट आणला. त्याचे आजोबा मुरगाव बंदरात होते. हा काळवंडलेला, नाव अर्धं पुसलेलं, आरशांवर काळे ठिपके. तरी तिन्ही ठिकाणी शेवटची रेघ चपखल बसली. पेटीच्या झाकणात चाचणीचा कागद होता, त्यावरचा क्रमांक उपकरणावरच्या क्रमांकाशी जुळला. असा कागद असेल तर पेटी आणि उपकरण एकाच घरचे, हे बऱ्यापैकी पक्कं.

मग मोजणी. पेटीतल्या कोरलेल्या खाचा म्हणजे मूळ सामानाची यादीच. दुर्बिणीच्या दोन खाचांपैकी एक रिकामी, रंगीत काचांपैकी एक नाही. ही उणीव किमतीला लागते, उपकरणाला नाही. आरशांना पुन्हा कलई करता येते. पण दांडी किंवा व्हर्नियर दुसऱ्याच उपकरणाचा असेल, तर बाकी सगळं जागेवर असूनही उपकरण अपुरंच.

शेवटी गच्चीवर गेलो. मित्राचा सेक्स्टंट शून्यावर ठेवून दूरच्या राजहंसगडाचा बुरूज पाहिला, तर आरशातली आणि थेट दिसणारी अशा दोन्ही प्रतिमा जवळजवळ एकावर एक आल्या. उरला तो फरक आरशाच्या स्क्रूने काढता येतो. ही तपासणी समोरच्या भिंतीवर करू नका. दोन आरशांत सहा-सात सेंटिमीटर अंतर असतं, त्यामुळे 50 मीटरवर चार-साडेचार मिनिटांची चूक उगाच दिसते. 10 किलोमीटरवर ती सेकंदभराची.

भाचा गप्प होता. मग म्हणाला, "निदान तुमच्या मित्राचा तरी चिंच लावून चकचकीत करून देऊ?" मी पेटी ओढूनच घेतली. चिंचेने घासलं की आधी रेघांतला काळा रंग जातो, मग चांदीवरच्या रेघाच.