मीडिया प्रबंधातला 'मर्यादा' विभाग

एम.ए. किंवा पीएच.डी.च्या प्रबंधात निष्कर्षांच्या आगेमागे येणारा हा छोटा भाग. आपल्या अभ्यासातून काय सिद्ध होतं, काय होत नाही, आणि जे होतं त्यावर किती भरवसा ठेवायचा हे यात लिहायचं असतं. इंदूरमधे पत्रकारितेचे बरेच प्रबंध हिंदीत लिहिले जातात, तिथे याचं शीर्षक 'अध्ययन की सीमाएँ' असतं आणि खाली बहुतेक वेळा 'समय एवं साधनों के अभाव में' असं सुरू होणारं एक वाक्य असतं, जे आधीच्या बॅचच्या प्रबंधातून जसंच्या तसं आलेलं असतं. घरी मराठी बोलणारी आपली पोरंपोरीही सबमिशनच्या आठवड्यात तेच चिकटवतात. वेळ आणि पैसा जगात कोणालाच पुरत नाही, त्यामुळे त्या वाक्यातून वाचकाला या विशिष्ट अभ्यासाबद्दल काहीही कळत नाही. या नोंदीत मुख्यतः वृत्तपत्रांच्या आशय-विश्लेषणाचा विचार केलाय, म्हणजे छापलेल्या बातम्या ठरलेल्या वर्गांत टाकून मोजायच्या पद्धतीचा, कंटेंट अनॅलिसिसचा, कारण लिहायला सगळ्यात जास्त वाव तिथेच आहे.

उगम

हा विभाग प्रबंधात दोन वाटांनी आलेला दिसतो. एक वाट प्रायोगिक मानसशास्त्राची. डोनाल्ड कॅम्पबेल यांनी १९५७ च्या लेखात अंतर्गत आणि बाह्य वैधता वेगळ्या केल्या, म्हणजे निष्कर्ष त्या अभ्यासापुरता खरा आहे का आणि तो इतरत्र लागू होतो का हे दोन प्रश्न, आणि १९६३ मधे ज्युलियन स्टॅनली यांच्यासोबत त्या वैधतेला असणाऱ्या धोक्यांची यादी मांडली. दुसरी वाट अमेरिकन शिक्षणशास्त्राच्या प्रबंध-मार्गदर्शिकांची, ज्यात 'मर्यादा' आणि 'परिसीमा' असे दोन कप्पे करायची पद्धत साधारण विसाव्या शतकाच्या मध्यानंतर रूढ झालेली दिसते. परिसीमा म्हणजे आपण मुद्दाम आखलेली हद्द (दोनच पेपर घेतले, एकच वर्ष घेतलं), आणि मर्यादा म्हणजे आपल्या हातात नसलेलं किंवा कामात राहून गेलेलं. आपल्याकडचा साचा बहुधा या दुसऱ्या वाटेनं आला, म्हणूनच आपल्या प्रबंधांत 'हा अभ्यास फक्त इंदूर शहरापुरता आहे' हे मर्यादा म्हणून लिहिलेलं असतं. खरंतर ती निवड आहे, तिची जागा पहिल्या प्रकरणात, आणि तिथे तिचं कारण द्यावं.

पण मर्यादा लिहायची कशी, याचं सगळ्यात कामाचं सूत्र मीडियावाल्यांकडून आलेलं नाही, साथरोगशास्त्रातून आलंय. निरीक्षणात्मक अभ्यासांसाठी २००७ मधे प्रसिद्ध झालेल्या स्ट्रोब मार्गदर्शिकेत म्हटलंय की मर्यादा सांगताना संभाव्य झुकावाची दिशा आणि आकार या दोन्हींची चर्चा करा. म्हणजे चूक आकडा वर ढकलते की खाली, आणि साधारण किती. मीडियाच्या प्रबंधात हे क्वचितच सापडतं, आणि प्रस्तुत नोंदकर्त्याच्या मते विश्वासार्हता टिकते की जाते हे इथेच ठरतं.

एक उदाहरण

समजा इंदूरच्या दोन हिंदी दैनिकांत एका वर्षात शहर-स्वच्छतेच्या बातम्या कशा आल्या यावर प्रबंध आहे. २०१७ पासून स्वच्छ सर्वेक्षणात इंदूरचा नंबर वर्षानुवर्षं पहिला येत राहिला, त्यामुळे विषय लोकप्रिय आहे. नमुन्यासाठी 'रचित आठवडा' घेतला, म्हणजे वर्षातल्या सगळ्या सोमवारांतून चिठ्ठी काढून एक, मंगळवारांतून एक, असे सात दिवस. रिफ, ऑस्ट आणि लेसी यांनी १९९३ मधे दाखवलं होतं की दैनिकाच्या एका वर्षासाठी असे दोन आठवडे सहसा पुरतात. म्हणून दर पेपरचे १४ आणि दोन्हींचे मिळून २८ अंक. 'सॅम्पल छोटं होतं' हे मर्यादेत लिहायची इथे काहीच गरज नाही, आणि तरी लोक लिहितात, मग वायव्हाला बाहेरचे सर विचारतात की छोटं होतं तर मोठं का नाही घेतलं, आणि पोरगं गप्प बसतं. खरी मर्यादा वेगळी आहे: रचित आठवडा रोजच्या सरासरीसाठी चांगला, पण सर्वेक्षणाचा निकाल लागतो त्या दोन-तीन दिवसांतला बातम्यांचा पूर चिठ्ठीत येईलच असं नाही. तेव्हा 'निकालाच्या दिवसांबद्दल हा अभ्यास काही सांगत नाही' असं सरळ लिहावं, तेवढं पुरतं.

या उदाहरणात (आकडे समजुतीसाठी घेतलेत) १४० बातम्या मिळाल्या आणि त्यातल्या १०५, म्हणजे ७५ टक्के बातम्यांचा मुख्य स्रोत नगर निगम होता. आता अडचण अशी की अंक ई-पेपरवरून घेतले आणि २८ पैकी ४ अंकांची सिटी पुरवणी तिथे नव्हतीच. 'काही अंक अपूर्ण होते' एवढं लिहून सोडलं तर परीक्षकाला वाटणार की सगळाच डेटा कच्चा आहे. त्याऐवजी पुढे जाऊन बघायचं. ज्या २४ अंकांत पुरवणी होती तिथे पुरवणीत एकूण २४ बातम्या निघाल्या, दर अंकी साधारण एक, आणि त्यातल्या ८ च निगमच्या होत्या, बाकीच्या रहिवासी, दुकानदार वगैरेंच्या तोंडून आलेल्या. म्हणजे पुरवणी गेल्यानं निगमचा वाटा थोडा फुगलेला दिसतोय, ही झाली दिशा. आकार काढायला वाईटात वाईट धरा: गेलेल्या चार पुरवण्यांत चारऐवजी आठ बातम्या होत्या आणि एकही निगमची नव्हती. तरी १४८ पैकी १०५, म्हणजे ७१ टक्के. प्रबंधात मग असं येईल:

'चार अंकांची सिटी पुरवणी उपलब्ध नव्हती. उपलब्ध पुरवण्यांत निगम-स्रोताचं प्रमाण मुख्य अंकापेक्षा कमी असल्यानं ७५ टक्के हा आकडा किंचित जास्त असू शकतो. प्रतिकूल गृहीतकं धरूनही तो सुमारे ७१ टक्क्यांच्या खाली येत नाही.'

हे वाचून कोणी म्हणणार नाही की अभ्यास कमजोर आहे. उलट कळतं की लिहिणाऱ्यानं स्वतःच्या डेटाला आधीच ठोकून बघितलंय.

सूर आणि दोन कोडर

जास्त अवघड जागा ही. बातमीचा सूर 'अनुकूल' की 'प्रतिकूल' हे ठरवायला ४० बातम्या चिठ्ठीनं काढून मैत्रिणीकडूनही कोड करून घेतल्या, म्हणजे प्रत्येकीचा वर्ग तिनं स्वतंत्रपणे ठरवला. ३४ मधे दोघींचं जुळलं, म्हणजे ८५ टक्के, आणि बहुतेक प्रबंधांत एवढंच छापून पुढे जातात. पण पहिलीनं ३० बातम्या अनुकूल धरल्या होत्या आणि दुसरीनं ३२. इतक्या एकतर्फी डेटात डोळे मिटून टिक केलं तरी ६५ टक्के जुळलंच असतं. हा योगायोगाचा भाग वजा करायला जेकब कोहेन यांनी १९६० मधे 'कप्पा' दिला. योगायोगावर मिळवता येण्यासारखे ३५ टक्के होते, प्रत्यक्षात मिळाले २०, म्हणून कप्पा सुमारे ०.५७. जुळणी मोजायचं दुसरं माप, क्रिपेनडॉर्फ यांचा अल्फा, काढलं तरी जवळपास तेवढाच येतो, आणि त्यांची शिफारस आहे की ०.८०० असावा, ०.६६७ च्या खाली तर ढोबळ निष्कर्षही काढू नये. याच ४० बातम्यांत स्रोत मात्र ३८ वेळा जुळला आणि तिथे कप्पा ०.८७ येतो.

सूर का नाही जुळला हे त्या सहा बातम्या समोर ठेवल्या की कळतं. 'सफाई में ढिलाई पर निगम सख्त, दो दरोगा निलंबित' या धर्तीचं शीर्षक घ्या. एकीनं 'ढिलाई' पकडली, दुसरीनं 'सख्त'. कोडबुकात, म्हणजे वर्ग ठरवायच्या नियमावलीत, नियमच नव्हता की कारवाईची बातमी कुठे टाकायची. वेळ असेल तर तिसरा वर्ग ('कारवाई') करून सगळ्या १४० पुन्हा कोड कराव्यात, तो खरा इलाज. आणि एक पथ्य: सहा बातम्यांवर बसून चर्चेनं एकमत केलं आणि मग १०० टक्के जुळलं असं लिहिलं, हे चालत नाही, आकडा चर्चेच्या आधीचाच द्यायचा.

वेळ नसेलच तर मर्यादेत लिहायचं की सूराचं मोजमाप भरवशाचं नाही, आणि लगेच त्याचा परिणाम सांगायचा. दोघींनाही अनुकूल वाटलेल्या बातम्या २८, म्हणजे ७० टक्के, आणि निदान एकीला वाटलेल्या ३४, म्हणजे ८५ टक्के. तेव्हा अनुकूल बातम्यांचा एकच नेमका आकडा द्यायचा नाही, आणि 'अमुक दैनिक जास्त अनुकूल आहे' ही तुलनाही काढून टाकायची, निदान त्यातला फरक या पट्ट्यापेक्षा मोठा असल्याशिवाय. स्रोताबद्दलचा निष्कर्ष मात्र तसाच उभा राहतो आणि तो उभा आहे हेही त्याच परिच्छेदात लिहावं, नाहीतर वाचक एका चलाचा दोष सगळ्या प्रबंधाला लावतो. कप्पाचे आकडे पद्धतीच्या प्रकरणात, त्याचा परिणाम इथे.

सगळ्यात जास्त पकडले जातात ते याच गोष्टीत: मर्यादेत 'दोनच दैनिकं' आणि सारांशात 'मध्य प्रदेश का मीडिया'. परीक्षक सारांश आणि शेवटचं प्रकरण शेजारीशेजारी ठेवून वाचतात. मर्यादा लिहून झाल्या की उलटं जाऊन शीर्षक, सारांश आणि निष्कर्षातली क्रियापदं तपासावीत. आशय-विश्लेषणातून पेपरात काय छापलं ते कळतं, वाचकांवर काय 'प्रभाव' पडला ते नाही.

इतर पद्धती

मुलाखतींवरच्या अभ्यासात '१२ च पत्रकार' ही माफी मागायची बाब नव्हे. तिथले निकष लिंकन आणि गुबा यांनी १९८५ मधे वेगळे मांडलेत आणि त्यांत नमुन्याच्या आकारापेक्षा संदर्भाचं दाट वर्णन महत्त्वाचं. त्या प्रबंधात खरी मर्यादा म्हणजे, उदाहरणार्थ, संशोधक त्याच न्यूजरूममधे इंटर्न होती आणि जुने सहकारी तिच्यापुढे जाहिरात विभागाच्या दबावाबद्दल मोकळं बोलले की जपून, हे.

सर्व्हेत दिशा सांगणं सोपं जातं. इंदूरच्या मराठी घरांत कोणती चॅनेलं बघतात यासाठी फॉर्म महाराष्ट्र मंडळांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरवला, तर जी मंडळी गणेशोत्सव, नाट्यप्रयोग यांना नेमानं जातात तीच जास्त येणार, आणि मराठी चॅनेलचा आकडा वर जाणार. घरी हिंदीच बोलू लागलेली तिसरी पिढी त्यात येतच नाही. इथे आकार काढता येत नसेल तर निदान दिशा लिहावी आणि टक्केवारी 'इंदूरच्या मराठी भाषकांची' न म्हणता 'मंडळांशी जोडलेल्यांची' म्हणावी.

सोशल मीडियाच्या डेटाबाबत पद्धती अजून स्थिर नाहीत. ट्विटरचा संशोधकांसाठीचा मोफत प्रवेश २०२३ मधे संपला, फेसबुक-इन्स्टाग्रामच्या पोस्ट शोधायचं मेटाचं साधन क्राउडटँगल ऑगस्ट २०२४ मधे बंद झालं, त्यामुळे त्याआधी गोळा केलेला संच आता दुसऱ्याला तसाच पुन्हा काढता येत नाही. अशा प्रबंधात डेटा कोणत्या तारखेला, कोणत्या शोधशब्दांनी उतरवला हे लिहावं, आणि नंतर डिलीट झालेल्या पोस्ट संचात आहेत की नाहीत हेही.