सेन्सरवर साखर खोटी का वाढते? पॅरासिटामॉल आणि व्हिटॅमिन सी

मधुमेहात साखरेवर सतत नजर ठेवण्यासाठी दंडावर चिकटवलेला सेन्सर साखर थेट मोजत नाही, तो विद्युतप्रवाह मोजतो. आकडा फसण्याचं मूळ तिथेच आहे.

१९६२ मध्ये लेलँड क्लार्क आणि चॅम्प लायन्स यांनी ग्लुकोज ऑक्सिडेज हे विकर इलेक्ट्रोडवर बसवण्याची कल्पना मांडली. पुढच्या बहुतेक सेन्सरांत हे विकर ग्लुकोजपासून हायड्रोजन पेरॉक्साइड तयार करतं आणि प्लॅटिनमच्या इलेक्ट्रोडवर त्या पेरॉक्साइडचं ऑक्सिडीकरण होऊन प्रवाह मिळतो. त्यासाठी साधारण ०.६ व्होल्ट दाब लागतो. नेमक्या याच दाबाला पॅरासिटामॉलचंही ऑक्सिडीकरण होतं, आणि हा जादा प्रवाह कशामुळे आला हे सेन्सरला कळत नाही. तो सगळा साखरेच्याच खात्यात जमा होतो.

याचा परिणाम काय होतो ते पाहा. समजा, एखाद्याची खरी साखर ११० आहे. तापासाठी १ ग्रॅम पॅरासिटामॉल घेतल्यावर सेन्सर १७० दाखवतो. एक युनिट इन्शुलिनने ४० अंक उतरतात असं धरून तो माणूस ११० वर येण्यासाठी दीड युनिट घेतो. खरी साखर मात्र ५० वर जाते. आपोआप इन्शुलिन सोडणारा पंप असेल तर ही चूक तो न विचारता करू शकतो. म्हणूनच अशा सेन्सरांच्या सूचनापत्रकात पॅरासिटामॉल टाळा असं स्पष्ट लिहिलेलं असे.

यातून दोन वाटा निघाल्या. पहिली म्हणजे इलेक्ट्रोडवर औषधाचे रेणू अडवणारा पडदा बसवणं. २०१८ मध्ये आलेल्या डेक्सकॉम जी६ या सेन्सरमध्ये प्रौढांना दर सहा तासांनी १ ग्रॅमपर्यंत पॅरासिटामॉल चालू लागलं. हायड्रॉक्सियुरिया हे औषध मात्र त्यालाही फसवतंच. दुसरी वाट फ्रीस्टाइल लिब्रेची. तिथे पेरॉक्साइडऐवजी ऑस्मियमच्या संयुगाकडून इलेक्ट्रॉन घेतले जातात, त्यामुळे बराच कमी दाब पुरतो आणि नेहमीच्या मात्रेतलं पॅरासिटामॉल आड येत नाही.

पण व्हिटॅमिन सीचं ऑक्सिडीकरण अगदी कमी दाबालाही सहज होतं. त्यामुळे ते इथेही आड आलं. लिब्रे २ च्या सूचनेत दिवसाला ५०० मिलिग्रॅमपेक्षा जास्त व्हिटॅमिन सी घेतल्यास आकडा खोटा वाढू शकतो असं म्हटलं आहे. ताकदीच्या म्हणून घेतल्या जाणाऱ्या एका गोळीतच बरेचदा ५०० किंवा १००० मिलिग्रॅम असतं. मला हाच धोका जास्त काळजीचा वाटतो, कारण अशा गोळीला लोक औषध मानत नाहीत आणि डॉक्टरांना सांगतही नाहीत.

खूण ओळखता येते. गोळीनंतर काही न खाता आकडा चढतो आणि काही तासांनी आपोआप उतरतो. असा चढ दिसला, तर इन्शुलिन घेण्याआधी बोटाचं रक्त ग्लुकोमीटरवर तपासावं. शिरेतून अनेक ग्रॅम व्हिटॅमिन सी दिलं जात असेल तर मात्र बरेच ग्लुकोमीटरही फसतात. तेव्हा प्रयोगशाळेत तपासलेली साखरच धरावी.