अजान: शब्द कोणते आणि ती मोठ्यानं का देतात

मशिदीतून दिवसातून पाच वेळा नमाजची वेळ झाली हे कळवणारी हाक म्हणजे अजान, गावाकडे तिलाच बांग म्हणतात आणि देणारा तो मुअज्जिन. पुष्कळ लोकांना वाटतं की ही अल्लाहला मारलेली हाक आहे आणि मग "देवाला ऐकू येत नाही का, एवढं ओरडायला?" असं विचारतात, पण अजानचे शब्द नीट बघितले तर त्यात अल्लाहला उद्देशून एकही वाक्य नाही, सगळं बोलणं माणसांशी आहे.

सुरुवात "अल्लाहु अकबर" चार वेळा, म्हणजे अल्लाह सर्वांत मोठा आहे. मग "अश्हदु अल्ला इलाहा इल्लल्लाह" दोनदा, अल्लाहशिवाय कुणी उपास्य नाही याची मी साक्ष देतो, आणि "अश्हदु अन्ना मुहम्मदर रसूलुल्लाह" दोनदा, मुहम्मद हे अल्लाहचे प्रेषित आहेत याची साक्ष देतो. यानंतर खरं निमंत्रण येतं: "हय्या अलस्सलाह" (या नमाजकडे) आणि "हय्या अलल फलाह" (या कल्याणाकडे), दोन्ही दोनदोनदा. शेवटी परत "अल्लाहु अकबर" दोनदा आणि "ला इलाहा इल्लल्लाह" एकदा. आपल्याकडे जास्त असलेल्या हनफी पंथाप्रमाणे ही झाली 15 वाक्यं, पहाटे फज्रला मात्र 17, कारण तेव्हा कल्याणाच्या हाकेनंतर "अस्सलातु खैरुम मिनन्नौम" दोनदा म्हणतात, झोपेपेक्षा नमाज बरी, आणि हे वाक्य बाकीच्या चार वेळांना नसतं कारण तेव्हा लोक जागेच असतात ना! कोकणातले मुसलमान बहुतांशी शाफई, त्या पंथात साक्षीची वाक्यं आधी हळू म्हणून मग मोठ्यानं म्हणतात, म्हणून तिथली मोजणी 19 वर जाते. शिया अजानमध्ये "हय्या अला खैरिल अमल", या सर्वोत्तम कामाकडे, हेही असतं.

ही पद्धत सुरू झाली मदिनेत, प्रेषित मक्का सोडून मदिनेला आले त्या 622 च्या हिजरतनंतर लवकरच. लोकांना एकत्र कसं बोलवायचं यावर चर्चा झाली, कुणी म्हणालं शिंग फुंकू, कुणी म्हणालं घंटेसारखं लाकूड वाजवू. हदीस म्हणजे प्रेषितांच्या बोलण्या-वागण्याच्या नोंदी, त्यांच्याप्रमाणे अब्दुल्ला बिन जैद यांना स्वप्नात हे शब्द ऐकू आले, ते त्यांनी प्रेषितांना सांगितले, तर प्रेषित म्हणाले बिलालला शिकव, त्याचा आवाज तुझ्यापेक्षा चांगला लांब जातो. म्हणजे स्वप्न एकाला पडलं आणि काम दुसऱ्याला मिळालं, ते निव्वळ आवाजावर! बिलाल हे आधी गुलाम होते आणि मुळचे हबशी. मशिदीजवळ एका बाईचं घर सगळ्यांत उंच होतं, ते पहाटे त्याच्या छतावर जाऊन उजाडायची वाट बघत बसायचे आणि मग अजान द्यायचे. मिनार वगैरे नंतर आले.

लांब पोचवण्यासाठी म्हणूनच बाकीच्या रीती आहेत. मुअज्जिन उभा राहून काबाकडे तोंड करतो, कानात बोटं घालतो, "हय्या अलस्सलाह"ला मान उजवीकडे आणि "हय्या अलल फलाह"ला डावीकडे वळवतो, म्हणजे दोन्ही बाजूंना ऐकू जावं. माइक आल्यावर मान वळवली की आवाज बाजूला जातो म्हणून काहीजण अगदी थोडीच वळवतात. प्रत्येक वाक्यानंतर थांबायचं असतं कारण ऐकणाऱ्यानं तेच वाक्य हळू म्हणायचं असतं, फक्त दोन्ही "हय्या"ला उत्तर वेगळं, "ला हौला वला कुव्वता इल्ला बिल्लाह", अल्लाहशिवाय कुठलीच ताकद नाही. सूर लांबवताना चूक होते ती अशी की "अल्लाहु"चा पहिला अ ताणून "आल्लाहु" केला की अरबीत त्याचा प्रश्न होतो, अल्लाह मोठा आहे का? जाणकार माणूस लगेच टोकतो.

गंमत म्हणजे एवढी मोठ्यानं हाक देऊन लोक जमले की दुपारच्या जुहर आणि असरच्या नमाजमध्ये कुराणाचं पठण मनातल्या मनात होतं. उभं राहायच्या आधी इकामत म्हणतात, शब्द जवळपास तेच पण भरभर आणि खालच्या आवाजात, कारण आता ऐकणारे समोरच आहेत. नवजात बाळाच्या उजव्या कानात अजान म्हणतात तीही हळूच. म्हणजे आवाजाची पातळी ऐकणारा किती लांब आहे यावर ठरते.

शब्द सुद्धा गरजेप्रमाणे बदललेले आहेत. जोराचा पाऊस किंवा कडक थंडी असेल तर "आपापल्या मुक्कामी नमाज पढा" असं पुकारायची परवानगी हदीसमध्ये आहे, आणि 2020 च्या कोरोनात कुवेतमध्ये अजानमध्ये घरीच नमाज पढायला सांगितलं गेलं. लाउडस्पीकर तर विसाव्या शतकातला, त्यामुळे तो अजानचा भाग नाही असं 2020 मध्ये अलाहाबाद हायकोर्टानं म्हटलं, अजान तोंडानं द्या, माइकचा हक्क सांगू नका. भारतात ध्वनी नियमांप्रमाणे रात्री 10 ते सकाळी 6 उघड्यावर लाउडस्पीकर चालत नाही आणि फज्र बहुतेक दिवस सहाच्या आधी येते, त्यामुळे भांडण होतं ते जास्त करून याच एका अजानवरून.