अन्नसुरक्षा पर्यवेक्षक प्रमाणपत्र: चार आठवड्यांची उजळणी

हॉटेल, कॅन्टीन किंवा केटरिंगच्या भटारखान्यात काम करणारा आचारी पर्यवेक्षकाच्या पातळीचे अन्नसुरक्षा प्रमाणपत्र घेण्याआधी जी तयारी करतो, तिचा हा आराखडा. भारतात हे प्रमाणपत्र एफएसएसएआयच्या ‘फॉस्टॅक’ योजनेतून मिळते. परवानाधारक आस्थापनेत दर २५ अन्न हाताळणाऱ्यांमागे एक प्रशिक्षित पर्यवेक्षक असावा, असा या योजनेचा दंडक आहे. प्रमाणपत्राची मुदत दोन वर्षांची असते.

प्रशिक्षण जेमतेम एका दिवसाचे असते आणि शेवटी तिथेच चाचणी होते. त्यामुळे खरा अभ्यास त्या दिवसाच्या आधीच उरकावा लागतो. ब्रेक शिफ्ट करणाऱ्याला दुपारी अर्धा-पाऊण तास मिळतो, रात्रीच्या कामानंतर वाचलेले डोक्यात राहत नाही. म्हणून निम्मी उजळणी पुस्तकाऐवजी चालू कामावरच करायची, हे या आराखड्याचे सूत्र आहे.

पहिला आठवडा थर्मामीटरचा. अनुभवी आचारी वाफेवरून आणि बोटावरून अंदाज घेतो, पण पर्यवेक्षकाला आकडा सांगावा लागतो. ५ ते ६० अंश सेल्सियस हा धोक्याचा पट्टा. एफएसएसएआयच्या केटरिंग तपासणी यादीप्रमाणे मांसाहारी पदार्थाच्या गाभ्यात ७५ अंश १५ सेकंद, ७० अंश २ मिनिटे किंवा ६५ अंश १० मिनिटे एवढे तापमान मिळाले पाहिजे. पुन्हा गरम करताना गाभा ७५ अंशांवर जाऊन तिथे किमान २ मिनिटे राहिला पाहिजे. हे आकडे घोकण्यापेक्षा रोज एका पदार्थात थर्मामीटरची सळई खुपसून वाचलेले बरे. चिकनचा सर्वांत जाड तुकडा निवडावा आणि हाडाला टोक लागू देऊ नये.

सळईवर विश्वास ठेवण्याआधी तिची परीक्षा घ्यावी. पेला बारीक बर्फाने भरून फटी भरतील एवढेच पाणी घालायचे, ढवळायचे आणि सळई काचेला न लावता मध्ये धरायची. काटा ० वर स्थिरावला पाहिजे. उकळत्या पाण्याने तपासताना उंचीचा फरक पडतो: मुंबईत पाणी १०० अंशांना उकळते, पुण्यात साधारण ९८ला, महाबळेश्वरला ९५-९६ला. तिथे १०० दिसत नाही म्हणून चांगली सळई फेकून देणारे असतात.

दुसरा आठवडा थंड करण्याचा, आणि सगळ्यात जास्त वेळ इथेच द्यावा. शिजवण्यात आचारी सहसा चुकत नाही, उरलेल्या टोपात चुकतो. यादी म्हणते की जोखमीचा पदार्थ ६० वरून २१ अंशांवर २ तासांत यावा आणि तिथून ५ अंशांवर पुढच्या २ तासांत.

समजा, रात्री अकराला दहा लिटर डाळ उरली आहे आणि ती ६० अंशांवर आहे. टोप झाकून ओट्यावर ठेवला, तर मे महिन्यात ती २१वर येणे शक्यच नाही, कारण भटारखानाच ३२ अंशांवर असतो. ‘गार झाली की फ्रीजमध्ये टाकू’ ही आपल्याकडची सवय इथे उघडी पडते. गरम टोप तसाच फ्रीजमध्ये ढकलला तर मधली डाळ कोमटच राहते, शिवाय शेजारचे दही-पनीरही तापते.

बर्फ किती लागेल याचा हिशेब सोपा आहे. डाळ जवळपास पाण्यासारखी धरली, तर दहा लिटर ३९ अंशांनी उतरवायला सुमारे ३९० किलोकॅलरी उष्णता काढावी लागते. एक किलो बर्फ वितळताना ८० किलोकॅलरी घेतो आणि त्याचे पाणी १५ अंशांपर्यंत तापताना आणखी १५. म्हणजे कागदावर चार किलो पुरतो. प्रत्यक्षात बराचसा बर्फ बाहेरच्या हवेनेच वितळतो, म्हणून सहा-सात किलो हाताशी ठेवावा. डाळ उथळ ट्रेमध्ये दोन इंचांहून कमी जाडीच्या थरात ओतायची, ट्रे बर्फाच्या पाण्यात ठेवायचे आणि स्वच्छ डावाने अधूनमधून ढवळायचे. बर्फ बाहेर राहतो, डाळीत पडत नाही. दर अर्ध्या तासाला तापमान वहीत टिपायचे.

चाचणीचा कस पुढे लागतो. बारा वाजता डाळ ४५ अंशांवर असेल तर अजून एक तास हातात आहे: बर्फ वाढवा, ट्रे आणखी उथळ करा. एक वाजता ती ३८वर असेल तर ती टाकायची. ‘सकाळी खळखळून उकळू’ हे उत्तर चूक आहे. डाळभातात सापडणाऱ्या बॅसिलस सेरियसचे बीजाणू उकळण्याने मरत नाहीत, आणि त्याच्या एका प्रकाराने तयार केलेले, उलट्या घडवणारे विषही उकळून नष्ट होत नाही. मटणाच्या मोठ्या टोपात हीच भीती क्लोस्ट्रिडियम परफ्रिंजेन्सची. त्याने खाल्ल्यावर साधारण ६ ते २४ तासांनी पोटात कळ येऊन जुलाब होतात. हा एक प्रसंग आचाऱ्याने दोनतीनदा खरोखर मोजून केला, की जंतू, तापमान, नोंद आणि दुरुस्तीची कृती हे चारही धडे एकदम होतात.

तिसऱ्या आठवड्यात आपल्याच भटारखान्याची तपासणी करायची. अन्न परवाना विनियम, २०११ यांतल्या अनुसूची ४ चा केटरिंगविषयीचा भाग वाचावा आणि तपासणी यादी घेऊन मोरीपासून डीप फ्रिजपर्यंत फिरावे. यादीतल्या तारांकित मुद्द्यांकडे आधी पाहावे, कारण तिथे नापास होणे म्हणजे थेट नियमभंग ठरू शकतो. कच्चे मांस शिजलेल्याच्या खाली आहे का? तेल पुन्हापुन्हा तापवल्याने वाढणारी एकूण ध्रुवीय संयुगे तळणीच्या तेलात २५ टक्क्यांच्या आत आहेत का? कामगारांची वार्षिक वैद्यकीय तपासणी झाली आहे का? जुलाब लागलेला हेल्पर ‘मी फक्त कांदा चिरतो’ म्हणाला तर काय, हा प्रश्न हमखास येण्याजोगा आहे. त्याला अन्नाच्या कामावरून दूर करायचे. ऐन गर्दीत हे सांगणे जड जाते, पण ते सांगणे हेच पर्यवेक्षकाचे काम.

याच आठवड्यात एका पदार्थाचा मालापासून वाढण्यापर्यंतचा तक्ता काढावा. प्रत्येक पायरी ‘निर्णायक नियंत्रण बिंदू’, म्हणजे धोका जिथे रोखलाच पाहिजे अशी जागा, ठरवण्याचा मोह होतो. कसोटी अशी: या पायरीवर धोका सुटला तर पुढे तो पकडणारी पायरी आहे का? कच्च्या चिकनवरचा साल्मोनेला पुढे शिजवताना मरतो, म्हणून इथे शिजवणे निर्णायक. हात धुणे अत्यावश्यक असले तरी ती पायाभूत सवय आहे, बिंदू नव्हे.

चौथ्या आठवड्यात नवे काही घेऊ नये. सरावाचे प्रश्न सोडवून चुकलेल्यांवरच बसावे. कामाची सवय आणि नियम यांत फरक असतो तिथे आचारी सवयीचे उत्तर देतो. गोठलेले चिकन ओट्यावर सुटे करणे हे त्यातले ठळक उदाहरण, बरोबर उत्तर ५ अंशांखालच्या फ्रीजमध्ये. दुसरे उदाहरण बेन-मारीचे, म्हणजे पदार्थांची भांडी गरम पाण्यात ठेवण्याच्या साधनाचे. ती गरम पदार्थ गरम राखण्यासाठी असते, थंड पदार्थ तापवण्यासाठी नव्हे.